दर ५६ दिवसांनी बंद पडणारा लॉगर: ३२ के रॅममधल्या दोन आयसी कधी निवडल्याच जात नव्हत्या

ज्यांनी लहान रॅम आयसी जोडून मोठी मेमरी बनवली आहे, तिची चाचणी पास होते आणि तरीही यंत्र अधूनमधून भरकटतं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. दोष एकाच तारेचा होता, पण तो सापडायला आमचा अख्खा पावसाळा गेला.

औसा तालुक्यातल्या एका शेतात सात परसाची विहीर आहे. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हापासून आमच्याकडे विहिरीच्या पाण्याची नोंद ठेवणं हा घरोघरचा विषय झाला आहे. त्यातूनच आमच्या लॅबमधल्या दोन डिप्लोमाच्या मुलांनी पातळी नोंदवणारा लॉगर केला. ८०८५ प्रोसेसर, ८ के ची एक ईप्रॉम, तरंग्याला जोडलेला एन्कोडर, आणि वेळ व पातळी दाखवणारा एक छोटा डिस्प्ले. दर दहा मिनिटांनी सेंटीमीटरमध्ये एक आकडा, म्हणजे दोन बाइट. दिवसाच्या १४४ नोंदी, २८८ बाइट.

पहिल्या वर्षी रॅम १६ के होती, ८ के ची एक अशा दोन ६२६४ आयसी. मुलं महिन्याला जाऊन नोंदी उतरवून आणायची, काही अडचण नव्हती. दुसऱ्या वर्षी अख्खा पावसाळा एका दमात मावावा म्हणून त्यांनी आणखी दोन ६२६४ बसवल्या. आता ३२ के. मेमरीची चाचणी घेतली, ती पास झाली. १० जूनला दुपारी बाराला लॉगर सुरू केला आणि मुलं परीक्षेच्या मागे लागली.

५ ऑगस्टला विहिरीच्या मालकांचा, मुलं ज्यांना मामा म्हणतात त्यांचा, फोन आला. "घड्याळ कामून बिघडलंय? ऊन डोक्यावर हाय आन् हे सकाळचं दाखवायलंय." दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास डिस्प्ले गोठला. ८ ऑगस्टला मुलांनी रिसेट केला, सगळं व्यवस्थित चालू झालं. ३ ऑक्टोबरला पुन्हा तेच. "सर, सारखं बंद पडायलंय," एवढंच मुलगी फोनवर म्हणाली.

वीज पडली असेल, बॅटरी उतरली असेल, उन्हाने कुठला तरी जोड सुटला असेल, हे सगळं आम्ही आधीच तपासून बसलो होतो. पाच व्होल्टच्या रेग्युलेटरवर कॅपॅसिटर वाढवले होते, प्रत्येक आयसीजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर होता. त्याने काहीच फरक पडला नव्हता.

## तारखा आणि एक फोटो

या वेळी मी आधी तारखा मोजल्या. १० जून दुपार ते ५ ऑगस्ट दुपार, ५६ दिवस. ८ ऑगस्ट दुपार ते ३ ऑक्टोबर दुपार, ५६ दिवस. बॅटरी किंवा ऊन असं दिवस मोजून येत नाही. मोजतो तो प्रोग्रॅम. ५६ दिवसांचे बाइट किती? ५६ गुणिले २८८, म्हणजे १६,१२८. हेक्समध्ये हा आकडा `3F00` असा सरळ येतो. नोंदी `8000H` पासून सुरू होतात, म्हणजे सत्तावन्नाव्या दिवसाची पहिली नोंद `BF00H` वर पडते. लॉगरचे स्वतःचे आकडे, म्हणजे घड्याळ, पुढची नोंद ठेवायचा पत्ता आणि सगळ्यात वर स्टॅक, हे सारं मुलांनी रॅमच्या शेवटच्या पानावर, `FF00H` पासून `FFFFH` पर्यंत ठेवलं होतं. `BF00` आणि `FF00`. दोन पत्त्यांमध्ये फरक फक्त एका बिटाचा आहे.

दुसरी गोष्ट मामांनी पाठवलेला फोटो. ते दुपारी विहिरीजवळच्या बाभळीखाली जेवायला बसतात, तिथूनच त्यांनी तो काढला होता. फोटोची वेळ बारा वाजून दोन मिनिटं. डिस्प्लेवर पाणी ५२७ सेंटीमीटर आणि वेळ ८ वाजून ४९ मिनिटं. लॉगर वेळ ठेवतो ती मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांत. बाराला नोंद झाली तेव्हा, म्हणजे फोटोच्या दोन मिनिटं आधी, घड्याळात ८:४७ असणार. आठ तासांची ४८० मिनिटं आणि वर ४७, झाली ५२७. पाण्याची पातळीच घड्याळात जाऊन बसली होती. घड्याळ ठेवलेलं होतं `FF00H` वर.

म्हणजे प्रोग्रॅमने `BF00H` वर लिहिलं आणि ते `FF00H` वर दिसलं. पुढचं उलगडायला वेळ लागला नाही. नोंदी दोन-दोन बाइटांनी शेवटच्या पानावर सरकत गेल्या आणि सुमारे १२० नोंदींनंतर, म्हणजे वीस तासांनी, स्टॅकपर्यंत पोचल्या. रिटर्नचा पत्ता पुसला गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला लॉगर गोठला. दोन्ही वेळा असंच झालं होतं.

## पत्ता कसा वाटला जायला हवा होता

६२६४ मध्ये ८१९२ बाइट असतात, त्यांच्यासाठी १३ पत्ता-तारा पुरतात, ए० ते ए१२. या तेरा तारा चारही आयसींना समांतर जोडायच्या. डेटाच्या आठही तशाच, समांतर. मग एकाच वेळी चौघी बोलू नयेत म्हणून वरच्या तीन तारा, ए१३, ए१४ आणि ए१५, डीकोडरला द्यायच्या. आम्ही १३८ डीकोडर वापरतो. त्याला तीन बिट दिले की आठ आउटपुटांपैकी एकच खाली जातं आणि ते ज्या आयसीच्या चिप सिलेक्टला जोडलेलं असेल ती एकटी जागी होते. आमचा नकाशा असा आहे:

```
A15 A14 A13   output   address      chip
 0   0   0     Y0      0000-1FFF    EPROM
 1   0   0     Y4      8000-9FFF    RAM 1
 1   0   1     Y5      A000-BFFF    RAM 2
 1   1   0     Y6      C000-DFFF    RAM 3
 1   1   1     Y7      E000-FFFF    RAM 4
```

`BF00` आणि `FF00` यांत वेगळा असलेला बिट ए१४ चा आहे. डीकोडरला ए१४ दिसत नसेल, कायम शून्यच दिसत असेल, तर वाय६ आणि वाय७ कधीच खाली जाणार नाहीत. `C000H` मागितलं तरी वाय४ लागेल, `E000H` मागितलं तरी वाय५. रॅम १ आणि रॅम २ दोनदोन ठिकाणी दिसतील, आणि नव्या बसवलेल्या दोन आयसी बोर्डावर नुसत्या बसून राहतील.

मी मुलाला म्हटलं, बंद कर आणि नव्या दोन्ही आयसी सॉकेटमधून काढ. त्याने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्या उचलल्या आणि टेबलावर ठेवल्या. मग मेमरीची जुनी चाचणी पुन्हा चालवली. ३२ के पैकी ३२ के पास. निम्मी रॅम टेबलावर आणि चाचणी पास! मुलगा बराच वेळ त्या दोन रिकाम्या सॉकेटांकडे बघत होता.

## जुनी चाचणी का फसली

मुलांची चाचणी बहुतेकांची असते तशीच होती. प्रत्येक पत्त्यावर `55H` लिही, लगेच वाच, मग `AAH` लिही, लगेच वाच, पुढे जा. ती एवढंच सांगते की या पत्त्यावर कोणीतरी उत्तर देतं आणि आठही डेटा तारा शाबूत आहेत. उत्तर देणारी आयसी तीच आहे का, हे ती विचारतच नाही. `C000H` वर लिहिलेलं रॅम १ मध्ये गेलं आणि रॅम १ मधूनच परत आलं, तर चाचणीला ते बरोबरच वाटणार. तिला टाकाऊ म्हणू नका, डेटा तारा चांगल्या आहेत हा भरवसा पुढे लागणारच आहे. पण चिप सिलेक्टविषयी ती काही बोलत नाही.

चिप सिलेक्ट तपासायचं असेल तर दोन गोष्टी हव्यात. प्रत्येक जागी तिच्या पत्त्यावरूनच ठरणारा आकडा लिहायचा, आणि सगळी रॅम लिहून झाल्यावरच वाचायला सुरुवात करायची. लिहिणं आणि वाचणं एकाच फेरीत केलंत तर दोन पत्ते एकाच जागी पडलेले दिसणार नाहीत, कारण दुसऱ्याने पहिल्याचं पुसायच्या आतच तुम्ही पहिल्याला वाचून मोकळे झालेले असता.

आकडा कोणता लिहायचा, तर पत्त्याचा वरचा बाइट. ८०८५ मध्ये तो एच रजिस्टरमध्ये आयता मिळतो:

```
        DI
        LXI H,8000H
FILL:   MOV M,H
        INX H
        MOV A,H
        ORA L
        JNZ FILL
        LXI H,8000H
CHECK:  MOV A,H
        CMP M
        JNZ BAD
        INX H
        MOV A,H
        ORA L
        JNZ CHECK
        OUT 00H
        HLT
BAD:    XRA M
        OUT 00H
        HLT
```

हा प्रोग्रॅम ईप्रॉममधून चालवा. जी रॅम तपासतो आहोत तिच्यावर त्याचं काहीच अवलंबून नको, म्हणून यात ना `CALL` आहे ना `PUSH`, स्टॅकला हातच लावलेला नाही. `FFFFH` नंतर एचएल फिरून शून्यावर येतो आणि फेरी तिथेच संपते. पोर्ट `00H` वर आठ एलईडी जोडले आहेत. सगळं ठीक असेल तर एकही लागत नाही. चूक सापडली तर अपेक्षित आकडा आणि मिळालेला आकडा यांत जो बिट वेगळा आहे त्याचा एलईडी लागतो.

या चाचणीत मला आवडतं ते हे, की ती दोषी तारेचं नावही सांगते. वरच्या बाइटचा शून्यावा बिट म्हणजे ए८, आणि सातवा म्हणजे ए१५. म्हणून एलईडी ५ लागला तर ए१३ बघा, ६ लागला तर ए१४.

आयसी परत बसवून आमच्या बोर्डावर चालवली तर पहिल्याच पत्त्यावर थांबली. `8000H` वर हवं होतं `80H`, मिळालं `C0H`. म्हणजे ही जागा शेवटची लिहिली गेली ती पत्ता `C000H` असताना. फरक `40H`. सहावा एलईडी एकटा लाल दिसत होता.

एक शंका इथे रास्त आहे. डेटाची सहावी तारच वर अडकली असेल तरी `80H` चं `C0H` दिसेल. पण ती शक्यता जुन्या चाचणीने आधीच काढून टाकली आहे. शिवाय डेटा तार अडकलेली असती तर ईप्रॉममधला प्रोग्रॅमच धड चालला नसता. म्हणून क्रम असा ठेवा: आधी `55H` आणि `AAH`, मग ही.

## वरचाच बाइट का, खालचा का नाही

८०८५ मध्ये खालचा पत्ता आणि डेटा एकाच आठ तारांवरून जातात. वाचनाच्या सुरुवातीला प्रोसेसर त्या तारांवर खालचा पत्ता ठेवतो, एएलई च्या इशाऱ्यावर लॅच तो पकडून ठेवतो, मग प्रोसेसर तारा सोडून देतो आणि मेमरीने डेटा घालायची वाट बघतो. त्या पत्त्यावर कोणतीच आयसी जागी झाली नाही तर तारांवर कोणी काही घालत नाही. तारांच्या स्वतःच्या धारकतेमुळे मघाचाच आकडा तिथे क्षणभर रेंगाळू शकतो आणि प्रोसेसर तोच वाचतो. म्हणजे रिकाम्या जागेवरून पत्त्याचा खालचा बाइट परत येतो. तुम्ही चाचणीत खालचाच बाइट लिहिला असेल तर आयसी नसलेली जागाही पास होईल. लॅच सीमॉस कुळातला, एचसी मालिकेचा असला की हे जास्त घडतं, कारण त्याचे इनपुट तारांवरचा भार जवळजवळ ओढतच नाहीत.

यावर स्वस्त उपाय म्हणजे डेटाच्या आठही तारांना ४.७ किलोओहमचा एकेक रोधक पाच व्होल्टकडे जोडणे. मग रिकामी जागा नेहमी `FFH` वाचली जाते. संशयाला जागा राहत नाही. आम्ही ते जोडले आणि यापुढे प्रत्येक बोर्डावर जोडणार आहोत.

वरच्या बाइटची चाचणी पास झाली की मग तोच प्रोग्रॅम `FILL` च्या ओळीत `MOV M,L` आणि फक्त `CHECK` च्या ओळीत `MOV A,L` करून चालवा. त्यात ए० ते ए७ तपासले जातात. आधी वरचा, मग खालचा.

## तार सापडली ती अशी

एलईडीने ए१४ सांगितलं होतं. वीज बंद केली आणि मल्टिमीटर बीपवर लावला. ८०८५ ची २७ नंबरची पिन ए१४ ची असते, १३८ ची २ नंबरची पिन त्याच्या बी इनपुटची. दोन्हींना टोकं लावली, आवाज नाही. मग एक टोक १३८ च्या २ नंबरवर ठेवून दुसरं त्याच्या ८ नंबरवर, म्हणजे ग्राउंडवर नेलं. लगेच बीप वाजला.

बोर्ड उलटा केला. झिरो बोर्डच्या खाली, दोन पिनांच्या मध्ये, रोधकाच्या कापलेल्या पायाचा छोटासा तुकडा सोल्डर केलेला होता. तो पहिल्या वर्षीचा होता. तेव्हा रॅमच्या दोनच आयसी होत्या, वाय४ आणि वाय५ वर. त्या निवडायला ए१४ ची गरज नव्हती. मुलांनी ती तार डीकोडरपर्यंत आणलीच नाही, बी इनपुट ग्राउंडला बांधून टाकला. त्या वेळी त्यात चूक नव्हती. याला अर्धवट डीकोडिंग म्हणतात. तीच १६ के रॅम `C000H` पासून पुन्हा एकदा दिसत होती, पण प्रोग्रॅम तिकडे जातच नव्हता. छोट्या बोर्डावर एखादी तार वाचवायला लोक हे सर्रास करतात.

दुसऱ्या वर्षी नव्या आयसींचे चिप सिलेक्ट वाय६ आणि वाय७ ला जोडले, स्टॅक आणि घड्याळ नव्या टोकाला, `FF00H` च्या पानावर हलवलं, आणि बी इनपुटची गाठ तशीच राहिली. म्हणून माझं सांगणं आहे की वाचवलेली प्रत्येक पत्ता-तार नकाशाच्या कागदावर लाल शाईने लिहून ठेवा: ए१४ पाहिलेला नाही, `8000H` आणि `C000H` एकच. वर्षभराने बोर्डाला हात लावणाऱ्याला, तो तुम्ही स्वतः का असेना, हे आठवणार नाही.

तुकडा कापला आणि ८०८५ च्या २७ पासून १३८ च्या २ पर्यंत तार टाकली. लगेच चाचणी न घेता आधी हा छोटा फेरा चालवला:

```
LOOP:   LDA 0C000H
        JMP LOOP
```

लॉजिक प्रोब १३८ च्या ९ नंबरवर, म्हणजे वाय६ वर धरला. ठोके दिसायला लागले. ११ नंबरवर, म्हणजे वाय४ वर, शांतता. तार टाकण्याआधी हाच फेरा चालवला होता तेव्हा नेमकं उलटं दिसलं होतं, वाय४ वर ठोके आणि वाय६ कायम वर. वाय० वर दोन्ही वेळा ठोके असतात, कारण प्रोग्रॅम ईप्रॉममधून चालतो. त्याने गोंधळून जाऊ नका.

## एलईडी वेगळं काही सांगत असेल तर

तारेचं नाव दरवेळी इतकं स्वच्छ मिळेलच असं नाही. तीन प्रकार माझ्या हाताखालून गेले आहेत तेवढेच सांगतो.

पहिला, डीकोडरच्या इनपुटांची अदलाबदल. १३८ मध्ये ए हा सगळ्यात हलका इनपुट आणि सी सगळ्यात जड. त्यांना उलटं धरून ए१५ हा ए ला आणि ए१३ हा सी ला दिला, तरी तीन शून्यांचं वाय० च राहतं आणि ईप्रॉम बिनतक्रार चालू होते. पण `8000H` मागितलं की लागतं वाय१, जिथे कोणीच नाही, आणि `C000H` मागितलं की वाय३. `A000H` आणि `E000H` मात्र आपापल्या जागी ठीक चालतात, कारण तिथे ए१३ आणि ए१५ दोन्ही एकच आहेत. अशा वेळी चाचणी `8000H` वरच थांबते, आणि डेटा तारांना रोधक असतील तर `80H` ऐवजी `FFH` मिळून सात एलईडी एकदम लागतात. `8000H` वर सात एलईडी म्हणजे जागा रिकामी, हे लक्षात ठेवा. हरवलेल्या आयसी मग `2000H` आणि `6000H` ला सापडतात. फक्त ए१३ आणि ए१४ ची अदलाबदल झाली असेल तर मात्र काही करू नका. रॅम २ आणि रॅम ३ ने जागा बदलल्या एवढंच, प्रत्येक पत्त्याला तरीही स्वतःची एकच जागा आहे.

दुसरा प्रकार चाचणीत दिसतच नाही आणि म्हणून जास्त छळतो. आयओ/एम ही तार डीकोडरच्या एनेबलला दिलेलीच नसते, एनेबल सरळ ग्राउंडला बांधलेला असतो. मग प्रोसेसर पोर्टशी बोलतो तेव्हाही रॅमला वाटतं की आपल्यालाच हाक मारली. ८०८५ पोर्टचा नंबर पत्त्याच्या दोन्ही अर्ध्यांवर ठेवतो, त्यामुळे `OUT 80H` केलं की तो बाइट पोर्टबरोबर `8080H` वरही लिहिला जातो. खुणा यावरून ओळखा: बिघडलेल्या जागांचे दोन्ही बाइट सारखे असतील, `8080H`, `8181H`, `A0A0H`, तर रॅम चांगली आहे. ८०८५ च्या ३४ नंबरपासून १३८ च्या ४ नंबरपर्यंत तार आहे का ते बघा. आमच्या चाचणीचं पोर्ट `00H` आहे, आणि तो पत्ता ईप्रॉमचा, म्हणून हा दोष तिच्यासमोर येत नाही.

तिसरा, ६२६४ ची २६ नंबरची पिन. या आयसीला दोन चिप सिलेक्ट असतात. २० नंबरचा खाली जावा लागतो, तो डीकोडरकडून येतो. २६ नंबरचा वर असावा लागतो आणि तो पाच व्होल्टला बांधायचा असतो. तो मोकळा सोडला तर आयसी कधी जागी होते कधी नाही, बोर्डाजवळ बोट नेलं तरी उत्तर बदलतं. चाचणी दर वेळी वेगळ्याच पत्त्यावर थांबायला लागली की मी आधी चारही सॉकेटांची २६ नंबरची पिन मोजतो. इथे ३२ के ची एकच ६२२५६ लावायचा विचार असेल तर तिच्यात २६ नंबरला ए१३ येतो आणि १ नंबरला ए१४, म्हणून पाच व्होल्टची ती गाठ आधी सोडवावी लागते.

वेगाची शंका बरेच जण काढतात, की डीकोडरच्या उशिरामुळे असं होत असेल. ३ मेगाहर्ट्झच्या ८०८५ वर पत्ता ठेवल्यापासून डेटा यायला पाचशे नॅनोसेकंदांहून जास्त वेळ मिळतो. १५० नॅनोसेकंदांची रॅम आणि काही दहा नॅनोसेकंद घेणारा डीकोडर त्यात आरामात बसतात. तिकडे वेळ घालवू नका.

## दुरुस्तीनंतर

तार टाकल्यावर वरच्या बाइटची चाचणी चालवली, एकही एलईडी लागला नाही. खालच्या बाइटचीही तशीच. पण पास झालेल्या चाचणीने आम्हाला एकदा फसवलं होतं, म्हणून मुलीनेच सुचवलं की आयसी काढून बघू. वीज बंद करून तिने रॅम ३ उचलली आणि चाचणी पुन्हा लावली. या वेळी ती `C000H` वर थांबली. हवं होतं `C0H`, रिकाम्या सॉकेटने दिलं `FFH`, आणि `3FH` चे सहा एलईडी ओळीने लागले. मग ती परत बसवून रॅम ४ काढली, `E000H` वर थांबून `1FH` चे पाच. रॅम २ काढल्यावर `A000H` वर `5FH` चे सहा, रॅम १ काढल्यावर `8000H` वर `7FH` चे सात. चारही आयसी आपापल्या जागी उत्तर देत होत्या.